साफ केलेली कॅसेट

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला भाच्यानं एक पेन ड्राइव्ह दिला. तो साउंड इंजिनिअरिंग शिकतो, दुसऱ्या वर्षाला आहे. महिनाभर आधी त्यानं माझ्याकडून जुन्या कॅसेटचं खोकं नेलं होतं, आणि त्यातली जी कॅसेट मी सगळ्यांत जास्त वाजवली असेन हे तिच्या झिजलेल्या लेबलावरून त्यानं ओळखलं होतं, ती त्यानं माझ्यासाठी संगणकावर उतरवून घेतली होती. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा १९९४चा अल्बम, ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’. जेवणं झाल्यावर त्यानं मला आतल्या खोलीत नेलं, स्वतःचे महागडे हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाला, “मामा, ऐक आता. रेकॉर्डिंग फारच खराब होतं रे. आठ दिवस बसून साफ केलंय.” मी ऐकलं. पहिलंच गाणं. तेच सूर, तोच ठेका, तोच आवाज. आणि तरीही घरातलं सगळं सामान जागच्या जागी असावं आणि आपण चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरलोय असं वाटावं, तसं काहीतरी झालं. मी त्याला जवळ घेतलं, “खूप मेहनत घेतलीस रे,” म्हणालो. ते खरंच होतं. पण त्याला माझा चेहरा वाचता येतो. “आवडलं नाही ना?” असं त्यानं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

ते उत्तर मी गेले काही आठवडे शोधतोय.

त्यानं नेमकं काय केलं होतं, ते मी नंतर त्याच्याकडून नीट समजून घेतलं. कॅसेट सुरू झाल्यावर गाणं लागायच्या आधी दोन-तीन सेकंद नुसती टेपची सळसळ असते. तेवढा तुकडा त्यानं निवडला आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, की हा आवाज म्हणजे कचरा, तो सगळीकडून वजा कर. मग गिटारचा जो कर्कश पट्टा कानात घुसतो, साधारण तीन-चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचा, तो त्यानं खाली दाबला. खालच्या बाजूला, ऐंशी हर्ट्‌झपाशी, बेस वाढवला. त्याच्या मते या रेकॉर्डिंगला पोटच नव्हतं. यातली एकही गोष्ट चूक नाही. एखाद्या सभेतलं भाषण किंवा जुनी मुलाखत असती, तर मीही हेच केलं असतं. पण या संगीतातली गिटार स्वतःच सळसळीच्या जातीची आहे. तिचा आवाज इतका फाटलेला, इतका पसरलेला आहे, की कचरा कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होते हे यंत्राला कळत नाही. त्यामुळे कचऱ्यासोबत गिटारचा वरचा अर्धा भागही गेला, आणि जिथून तो गेला तिथे पाण्याखाली बुडबुडे फुटावेत तसा एक ओलसर, चकाकता आवाज राहिला. बेस वाढवला तर खाली बेस नव्हताच. होती ती नुसती घुमघुम, ती मोठी झाली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गिटारचे आघात सुटे ऐकू यायला लागले. पूर्वी जी एक न तुटणारी थंड भिंत होती, तिच्या विटा दिसायला लागल्या. कळलं, की इथे मोजून चार सूर आहेत आणि एक माणूस ते भराभर छेडतोय.

चारच सूर आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते तसे ऐकू येऊ नयेत, याचसाठी तर सगळी मांडणी होती.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा डोंबिवलीत आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई गाणं शिकवायची. संध्याकाळी पाच ते आठ, सहा-सात मुली, एक तानपुरा. मी आतल्या खोलीत इअरफोन लावून बसायचो. माझ्या कानात त्या काळी डेथ मेटल नावाचं जड, कर्कश रॉक संगीत असायचं. कॉलेजमधल्या एका मित्राकडून हातोहात आलेल्या कॅसेट. फ्लोरिडातला ऑबिच्युअरी हा बँड मला विशेष आवडायचा, त्याच्या जॉन टार्डीच्या गळ्यासाठी. तो गातो म्हणणं अवघड आहे. त्यांच्या पहिल्या अल्बमवर, १९८९च्या, कितीतरी जागी शब्दच नाहीत. शब्दाच्या आकाराचे नुसते आवाज आहेत, ओकारी आणि आक्रोश यांच्या मधले. एकदा इअरफोनची पिन निघाली आणि ते सगळं स्पीकरमधून घरभर पसरलं. बाहेर यमनाचा पाठ चालू होता. मी धावत जाऊन बंद करणार, तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता संपलं. ती मान थोडी तिरकी करून अर्धा मिनिट ऐकत राहिली आणि म्हणाली, “ह्याला गळ्याला त्रास होत नाहीये. श्वास बघ किती खालून घेतोय.” आणि परत जाऊन बसली.

तिचं ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुढच्या वर्षी, आम्ही चार जणांनी बँड काढला तेव्हा. ग्राउल, म्हणजे टार्डीसारखं ते गुरगुरणं, माझ्याकडे आला, कारण मला वाद्य येत नव्हतं. मी छाती भरून घेतली आणि घशातून, जिवाच्या आकांतानं ओरडलो. वीस मिनिटांत घशात काटे टोचायला लागले, खोकला थांबेना, आणि पुढचे चार दिवस माझा आवाज बसला. आईनं हळदीचं दूध दिलं, काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी फक्त म्हणाली, “वरचा सा लावून बघ.” लागला नाही. नुसती हवा आली. ती म्हणाली, “म्हणजे तू चुकीच्या जागेवर जोर देतोयस.”

जागा कुठली, ते मी बऱ्याच वर्षांनी वाचून आणि करून शिकलो. आपण बोलतो-गातो ते खऱ्या स्वरतंतूंनी. त्यांच्या थोड्या वर, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पण जाड, मऊ अशा आणखी दोन घड्या असतात. एरवी गिळताना श्वासनलिका बंद करण्यापुरतं त्यांचं काम असतं, म्हणून त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. ग्राउल करणारा माणूस खालून, पोटातून हवेचा सलग झोत सोडतो आणि या वरच्या घड्या किंचित जवळ आणतो. मग त्या फडफडायला लागतात. जड असल्यामुळे त्या सावकाश फडफडतात, म्हणून आवाज माणसाच्या नेहमीच्या पट्टीच्या खाली गेल्यासारखा वाटतो. दक्षिण सायबेरियातल्या तुवाच्या गायकांची खर्जातली एक पद्धत आहे, तिच्यात हेच घडतं, पण तिथे खोटे तंतू खऱ्या तंतूंच्या बरोबर निम्म्या वेगानं, शिस्तीत हलतात आणि सूर नेमका एक सप्तक खाली ऐकू येतो. ग्राउलमध्ये ती शिस्त मुद्दाम मोडलेली असते. तंतू अनियमित हलतात, सूर विस्कटतो, आणि कानाला स्वराऐवजी पोत ऐकू येतो. खडीवरून काहीतरी जड ओढत न्यावं, तसा. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नीट केलेला ग्राउल मोठा नसतो. समोर उभं राहून माइकशिवाय ऐकलात तर जवळजवळ बोलण्याइतकाच आवाज येतो. त्याचा राक्षस होतो तो माइकमध्ये. ओरडावं लागत असेल, घशात गुदगुल्या होऊन खोकला येत असेल, दुसऱ्या दिवशी वरचे सूर गायब होत असतील, तर खरे तंतू एकमेकांवर आपटतायत असं समजायचं आणि थांबायचं.

आईनं हे सगळं अर्ध्या मिनिटात, एका परक्या माणसाच्या आवाजातून ओळखलं होतं. तिला ते संगीत आवडलं नव्हतं. पण त्या विद्रूप आवाजाखाली बसलेला रियाज तिला ऐकू आला होता.

डेथ मेटलची कुरूपता ही अशी, कमावलेली. ती शरीराची कुरूपता आहे: सडणं, फाटणं, आतडी, रोग. माणसाचा गळा माणसासारखा वाजूच नये, मांस स्वतः बोलायला लागावं, असा तिचा हट्ट. आणि त्या हट्टासाठी लागणारं कौशल्य अफाट आहे. पण याच कौशल्यातून एक अडचण उभी राहिली, आणि ती समजल्याशिवाय डार्कथ्रोननं काय केलं ते समजत नाही.

स्टॉकहोममध्ये सनलाइट नावाचा एक स्टुडिओ होता. तिथे टोमास स्कोग्सबर्ग या ध्वनिमुद्रकानं १९९०मध्ये बाहेर आलेला एंटूम्ड या स्वीडिश बँडचा ‘लेफ्ट हँड पाथ’ हा अल्बम मुद्रित केला. त्यातली गिटार ऐकल्यावर माणसं हादरली. गिटारच्या तारांऐवजी लाकडाच्या वखारीतली करवत लावलीय, असा आवाज. तो आला होता बॉस कंपनीच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या एका छोट्या पेडलमधून, एचएम-२ त्याचं नाव. १९८३मध्ये बाजारात आलेलं हे पेडल मोठ्या अँपचा भरदार आवाज स्वस्तात देण्यासाठी बनवलं होतं, आणि त्या कामात ते कुणाला फारसं पटलं नाही. स्वीडनच्या पोरांनी त्याच्यावरची चारही बटणं शेवटपर्यंत फिरवली. कुठल्याही माहितीपुस्तिकेत हे करू नका असंच सांगितलं असतं. खालचे आणि मधले सूर एकदम फुगले, डिस्टॉर्शन आपल्याच वजनानं कोसळलं, आणि त्या कोसळण्यातून करवत जन्मली. मला ही गोष्ट फार आवडते. पण पुढे झालं असं, की वर्षा-दोन वर्षांत तोच स्टुडिओ, तेच पेडल, तीच चार बटणं शेवटपर्यंत. अटलांटिकच्या पलीकडे फ्लोरिडातल्या टँपाच्या मॉरिसाउंड स्टुडिओचं तेच. तिथे स्कॉट बर्न्सच्या हाताखालून एकामागून एक अल्बम बाहेर पडले. ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा, स्वच्छ, धारदार. राक्षसाच्या आवाजाला आता ठरलेली कृती मिळाली होती. कुरूपता नीटनेटकी झाली.

डार्कथ्रोन मूळचे याच डेथ मेटलच्या गावचे. ऑस्लोजवळच्या कोल्बोटनची ही मुलं डेथ मेटल वाजवत होती, चांगलं वाजवत होती, आणि त्यांचा पहिला अल्बम १९९१मध्ये आला तो याच सनलाइट स्टुडिओत मुद्रित होऊन. पिसव्हिल या इंग्लिश कंपनीशी करार झालेला. दुसऱ्या डेथ मेटल अल्बमची गाणीही जवळजवळ तयार, सरावाच्या टेपवर उतरवलेली. आणि इथे त्यांनी पाठ फिरवली. ती गाणी बाजूला ठेवली. १९९१च्या ऑगस्टमध्ये आपल्याच गावातल्या एका लहान स्टुडिओत जाऊन त्यांनी वेगळंच काहीतरी मुद्रित केलं: पातळ, थंड, उघडंबोडकं. ज्याला ब्लॅक मेटल म्हणतात ते. बेस वाजवणाऱ्याला हे पटलं नाही. त्यानं वाजवून दिलं, पण बँड सोडला. कंपनीनं टेप ऐकली आणि हे पुन्हा मिक्स करा म्हणून सांगितलं. बँडनं नकार दिला, हवं तर दुसरीकडून काढतो म्हणाले. १९९२मध्ये ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ जसा होता तसा बाहेर आला.

हा निर्णय घेताना त्यांच्या कानात काय होतं, ते महत्त्वाचं आहे. १९८४च्या आसपास स्टॉकहोमच्या एका गॅरेजवजा स्टुडिओत बाथरी या बँडनं, आणि स्वित्झर्लंडमधल्या हेलहॅमरच्या पोरांनी सरावाच्या खोलीत जे काही मुद्रित केलं होतं ते. ते कुरूप होतं, कारण पैसे नव्हते. वाजवणाऱ्यांना फार वाजवता येत नव्हतं. हेलहॅमरला समीक्षकांनी अक्षरशः झोडपलं. पण दूर कुठेतरी, बर्फ साचलेल्या गावात, एखाद्या चौदा वर्षांच्या मुलानं ती टेप ऐकली तेव्हा त्याला गरिबी ऐकू आली नाही. त्याला वाटलं हा आवाज खूप लांबून, खूप खालून, कुठल्यातरी जुन्या जागेतून येतोय. पहिल्या पिढीचा नाइलाज हे दुसऱ्या पिढीचं वातावरण झालं. आणि मोठं झाल्यावर, हाताशी चांगला स्टुडिओ असताना, तो मुलगा तो नाइलाज निवडायला गेला. मला वाटतं या सगळ्या प्रकारातली सर्वांत खोल गोष्ट हीच आहे. ज्यांनी मूळ आवाज काढला त्यांना तो चांगला हवा होता. ज्यांनी तो ऐकला त्यांना तो तसाच हवा होता.

‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ हे त्या निवडीचं टोक. तो स्टुडिओत झालाच नाही. फेनरिझ या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या ड्रमवादकानं चार ट्रॅकचं टेपयंत्र घेतलं आणि गिटार, बेस, ड्रम सगळं एकट्यानं वाजवलं. जोडीदार नॉक्टर्नो कुल्टो यानं नंतर फक्त आवाज दिला. चार ट्रॅक म्हणजे चारच जागा. चूक झाली तर नीट करायला वाव नाही, प्रत्येक ड्रमला वेगळा माइक नाही, बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. पहिलं गाणं सहा मिनिटांचं आहे आणि त्यात ड्रमचा ठेका जवळपास हलत नाही. कुठे जोर नाही, कुठे शेवटाकडे चढत जाणं नाही. गिटार इतक्या भराभर छेडलेली, की टेपच्या मर्यादेत प्रत्येक आघाताची धार बोथट होऊन सगळे आघात एकमेकांत मिसळतात, आणि मग चार सुरांच्या वर आणखी काही सूर तरंगायला लागतात, जे कुणी वाजवलेले नाहीत. मी ते वर्षानुवर्षं ऐकलेत. कधी बायकांचा दूरचा समूहस्वर वाटतो, कधी बंद खिडकीच्या फटीतून येणारा वारा. भाच्यानं तो कर्कश पट्टा दाबला तेव्हा हे सूर सर्वांत आधी गेले. ते त्या कर्कश भागातच राहत होते.

इथे मला एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती बोलताना मला आजही जड जातं. याच अल्बमच्या मागच्या बाजूला एक वंशवादी ओळ छापली होती, आर्य वगैरे. कंपनीनं त्यावर आक्षेप घेतला तेव्हा बँडनं दिलेला खुलासा त्याहून वाईट होता. पुढे त्यांनी माफी मागितली, फेनरिझनं नंतरच्या काळात आपली ती लाज लपवली नाही. आठातल्या चार गाण्यांचे शब्द वार्ग विकर्नेस या नॉर्वेच्याच दुसऱ्या संगीतकाराचे आहेत. १९९३च्या ऑगस्टमध्ये मेहेम या नॉर्वेच्याच बँडचा गिटारवादक युरोनिमस याचा खून केल्याबद्दल त्याला पुढे एकवीस वर्षांची शिक्षा झाली, आणि जुनी लाकडी चर्च जाळल्याबद्दलही तो दोषी ठरला. मला एकोणिसाव्या वर्षी यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या कॅसेटला मागची बाजूच नव्हती, होता तो मित्राच्या बॉलपेननं लिहिलेला कागद. कळलं तेव्हा मी ती कॅसेट वर्षभर खोक्यात टाकून दिली. मग पुन्हा काढली. आवाजाची कुरूपता आणि मनाची कुरूपता एकच, असं मी कधी मानू शकलो नाही. पण त्या दोघी त्या घरात एकमेकींना ओळखत नव्हत्या, असंही म्हणवत नाही. जग घाण आहे असं वाजवणाऱ्यांपैकी काहींना ते जग पेटवून पाहायचं होतं. बाकीच्यांनी, बहुतेकांनी, फक्त वाजवलं. मी ऐकतो तेव्हा हे सगळं माहीत असून ऐकतो. या ऐकण्यात एक टोचणी राहते, आणि ती राहू द्यावी असंच मला वाटतं.

दुसरी टोचणी वेगळी आहे, आणि ती भाच्यामुळे सुरू झाली. मी त्याला सांगायला निघालो होतो, की बाबा रे, ही खरखर कलाकाराची आहे, तिला हात लावायचा नसतो. पण ते पूर्ण खरं नाही. माझी कॅसेट ही नकलेची नक्कल होती. कुणाच्या तरी परदेशातल्या भावाकडून आलेल्या टेपची एक प्रत, तिच्यावरून मित्राची, तिच्यावरून माझी. प्रत्येक उतरवण्यात वरचे सूर थोडे झिजतात आणि सळसळीचा एक नवा थर चढतो. तीन थर. दहा-बारा वर्षांनी मी तोच अल्बम सीडीवर ऐकला तेव्हा दचकलो होतो: इतका स्पष्ट? शब्द कळतात? बेस आहे? माझ्या डोक्यातला ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ नॉर्वेत जितका तयार झाला होता, तितकाच डोंबिवलीतल्या एका जुन्या डबल डेकवर. मग भाच्यानं केलं ते आणि मित्राच्या डेकनं केलं ते, यात फरक तो कोणता? दोघांनीही मूळ आवाज बदलला. माझ्याकडे याचं एकच उत्तर आहे आणि ते अर्धवट आहे. डेक मूळ आवाजाला आणखी लांब घेऊन गेलं, ज्या दिशेला तो स्वतःच निघाला होता त्याच दिशेला. सॉफ्टवेअर त्याला जवळ, उजेडात ओढत होतं.

आता तानपुऱ्याबद्दल. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण मला ते मागच्या रविवारीच सुचलं. आईच्या तानपुऱ्याची घोडी रुंद होती, हाडाची, आणि तिला वरून अगदी हलका बाक होता. तार तिच्यावरून सरळ सुटत नाही. त्या बाकाला घासत घासत सुटते. मग आई तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक तुकडा सरकवायची. केसभर पुढे, केसभर मागे. एका विशिष्ट जागी ते सूत आलं, की बोदा आवाज एकदम उघडायचा आणि तारेभोवती मधमाश्यांसारखा गुंजारव सुरू व्हायचा. ती जवारी. मिरजेचे कारागीर ती घोडी घासून तयार करतात, काम फार बारीक असतं, आणि वाजवून वाजवून घोडीत खाच पडली की पुन्हा घासून घ्यावी लागते. सूत काढून टाकलंत तर तार तशी स्वच्छ वाजते. स्वच्छ आणि मेलेली. आईच्या विद्यार्थिनींना ती आधी सूत काढून ऐकवायची, मग लावून. समजावून काही सांगायची नाही. मी आतल्या खोलीत इअरफोनमध्ये नॉर्वेची मधमाश्यांची भिंत ऐकत होतो आणि भिंतीच्या पलीकडे सहा फुटांवर आई सूत सरकवत होती, हे मला तीस वर्षं दिसलं नाही. दोन्ही एक आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. जवारीतला प्रत्येक उपस्वर षड्जाशी नातं सांगतो. त्या गिटारला नातंच तोडायचंय. पण तारेला मुद्दाम अडथळा करायचा आणि त्या अडथळ्यात काय दडलंय ते ऐकत बसायचं, एवढं दोन्हीकडे आहे.

रविवारी मी भाच्याला फोन केला आणि विचारलं, की साफ करायच्या आधीची मूळ फाइल ठेवली आहेस का. “आहे ना, पूर्ण पंचेचाळीस मिनिटांची बाजू आहे,” तो म्हणाला. “अल्बम एकोणचाळीस मिनिटांचाच आहे. शेवटी काहीतरी आजीचं होतं, ते मी कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंय. तेही साफ केलंय.”

मला आठवलं. म्हणजे, मी विसरलो नव्हतो. बघायचं टाळत होतो. त्या वर्षी माझ्याकडे कोऱ्या कॅसेटसाठी पैसे नव्हते. मी आईच्या कपाटातून नव्वद मिनिटांची एक कॅसेट उचलली, वरचं लेबल खरवडलं आणि मित्राला दिली. तिच्यावर तिनं शिकवणीचं काहीतरी टेप करून ठेवलं होतं. तिनं ती कॅसेट शोधली असणार. मला कधी विचारलं नाही. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

तो संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. आधी आम्ही त्यानं साफ केलेली आईची फाइल ऐकली. सळसळ नव्हती. आईचा आवाज अगदी जवळ, कोरडा, आणि त्यामागे तानपुरा: टण्, टण्, टण्, टण्. चार तारा, गुंजारव नाही. तो फार बारीक होता, टेपच्या सळसळीखाली लपलेला, आणि यंत्रानं तो सळसळीसकट काढून नेला होता. भाच्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग काही न बोलता हेडफोन काढून ठेवले, मूळ फाइल उघडली, आणि आम्ही ती स्पीकरवर सुरुवातीपासून ऐकली. पूर्ण एकोणचाळीस मिनिटं, तीनही थरांसकट. दिवा लावायचं राहून गेलं. शेवटचं गाणं संपलं, मित्रानं तीस वर्षांपूर्वी बटण दाबल्याचा खट् आवाज आला, आणि त्याच सळसळीतून, जराही न बदलता, तानपुरा वर आला. मधमाश्या होत्या. एका मुलीनं गंधार लावला, जरा उतरलेला. आई म्हणाली, “हं, परत.”

भाच्यानं आवाज थोडा वाढवला. मुलीनं परत लावला.